रत्नागिरी सोडताना स्टेटसला काय टाकू?

प्रश्न: रत्नागिरीत चार वर्षं जॉब केला, रूम भाट्याला, ऑफिस मारुती मंदिरला. शनिवारी शेवटचा दिवस, मग नाशिक. व्हॉट्सॲप स्टेटसला काय टाकू? "चार वर्षांचा सुंदर प्रवास आज संपला, धन्यवाद रत्नागिरी" असं लिहिलंय पण मजा येत नाहीये.

उत्तर: मजा येत नाहीये कारण त्यात रत्नागिरी काढून सांगली टाकलं तरी वाक्य तसंच राहतं. "सुंदर", "प्रवास", "धन्यवाद" तिन्ही काढ आणि तू रोज काय करायचास ते लिही. भाट्याहून मारुती मंदिर म्हणजे रोज खाडीवरचा पूल, पावसाळ्यात त्या पुलावर बाईक वाऱ्याने कशी बाजूला ढकलली जाते ते तिथल्या प्रत्येकाला माहितीये, तेच घे की. मी असं लिहीन:

"चार पावसाळे भाट्याच्या पुलावर रेनकोट सांभाळला. रविवारपासून नाशिक. नंबर हाच आहे. येतो हां!"

बघ, यात आभार कुठेच नाहीत तरी माया कळते, आणि लोक जे दोन प्रश्न विचारणारच, कुठे चाललास आणि नंबर बदलणार का, त्यांची उत्तरं पण आली. यापेक्षा लांब नको, टेक्स्ट स्टेटसमध्ये मजकूर वाढला की अक्षरं बारीक होत जातात आणि लोक न वाचताच पुढे सरकवतात. फोटो टाकणार असशील तर पुलाचाच टाक आणि मग पुलाचं वाक्य काढ, जे दिसतंय ते परत लिहायला नको, खाली फक्त "रविवारपासून नाशिक. नंबर हाच. येतो हां!" पुरे.

ऑफिसबद्दल मनात काही खटकत असेल तर ते यात एका शब्दानेही नको, "फायनली सुटलो" पण नको, स्क्रीनशॉट साहेबांपर्यंत जायला वेळ लागत नाही आणि रिलीव्हिंग लेटर अजून त्यांच्याच हातात असतं. तसलं काही टाकायचंच असेल तर लेटर मिळाल्यावरच टाक. ऑफिसच्या मित्रांसाठी वेगळं मोकळं काही लिहायचं असेल तर स्टेटस प्रायव्हसीत फक्त ठराविक लोकांना दाखवायचा पर्याय आहे, तो आधी लाव, मग पोस्ट कर, कारण नंतर सेटिंग बदललं तर आधी टाकलेल्याला ते लागू होत नाही.

वेळ शनिवारी रात्री जेवणं झाल्यावरची बरी. चोवीस तासांत जातं, म्हणजे रविवारचा पूर्ण दिवस मिळतो.

आणि एक, दोघांनीही एकमेकांचा नंबर सेव्ह केलेला असेल तरच स्टेटस दिसतं. रूमवाल्या काकू, डबा देणाऱ्या ताई, मिरकरवाड्याला जिच्याकडून मासे घ्यायचास ती मावशी, यांच्या फोनमध्ये तू सेव्ह असशीलच असं नाही, तेव्हा त्यांना शुक्रवारीच प्रत्यक्ष भेटून ये. बाकीच्यांचं रविवारी संध्याकाळी स्टेटस जायच्या आत कोणी कोणी पाहिलं ती यादी उघड, जवळचं कोणी राहिलं असेल तर त्याला सरळ फोन लाव.