कोटी कळते, पण सगळे हसून झाल्यावर

प्रश्न: "माहेर रायपूरचं, घरी हिंदी. नागपुरात सहा वर्षं झाली, मराठी पेपर वाचते, भांडतेसुद्धा मराठीत. परवा सासरे पुतण्याबद्दल म्हणाले, 'दोन वर्षांपासून पुण्याला जाऊन राहिला, पण जाऊन काही राहिला नाही.' सगळे हसले, मी नाही. कोटीच का कळत नाही?"

ताई, कोटी झकास आहे हो सासऱ्यांची! अन् गंमत म्हणजे तुमची हिंदीच आडवी आली. नागपुरी 'जाऊन राहिला' तुम्हाला पहिल्या दिवसापासून 'जा रहा है' असंच ऐकू आलं असणार, शिकावंच लागलं नाही, म्हणून वाक्य ऐकू आलं 'जातोय पण जात नाहीये', आता यात हसायचं काय? पुस्तकी मराठीत मात्र 'जाऊन राहिला' म्हणजे गेला आणि तिथंच मुक्काम केला. म्हणजे पोरगं दोन वर्षांपासून नुसतं जातोय-जातोय, जाऊन मुक्काम काही केला नाही! माझा पुण्याचा रूममेट तुमच्या बरोब्बर उलटा होता, मी फोनवर 'जेवून राहिलो' म्हटलं की विचारायचा, 'कुणाकडे राहिलास?' त्याच्याजवळ एक अर्थ, तुमच्याजवळ दुसरा, अन् घरच्यांजवळ दोन्ही, कारण घरची मराठी एक आणि शाळेतली वेगळी. हिंदीत सांगून पाहा, 'जा रहा' आणि 'जाकर रहा' वेगळे पडतात, कोटी तिथंच मेली.

दुसरी भानगड वेगाची. डेव्हिड स्विनी नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९७९ चा प्रयोग आहे. इंग्रजीत 'बग्ज' म्हणजे किडे, आणि चोरून ऐकायचे माइकसुद्धा. लोकांना किड्यांबद्दलचं वाक्य ऐकवलं अन् 'बग्ज' येताक्षणी पडद्यावर एक शब्द दाखवला. 'मुंगी' पटकन ओळखली गेली यात नवल नाही, पण 'हेर'ही तितकाच पटकन! तीनच अक्षरांनंतर दाखवला तर 'हेर'चा तो फायदा संपला. म्हणजे डोक्यात दोन्ही अर्थ उघडतात, नको तो लगेच गळतो, अन् कोटी करणारा तोच गळालेला परत आणतो. जो उघडलाच नाही तो परत येणार कुठून? पेपर वाचायला, भांडायलाही शब्दागणिक एक अर्थ बहुतेक वेळा पुरतो, दुसऱ्याची गरज कोटीलाच पडते, म्हणून ती शेवटी येते. (आपली पोरंसुद्धा शाळेत जायच्या वयापर्यंत कोटीला नुसतं बघून हसतात, मोठे हसले म्हणून.)

पुढच्या वेळी सासऱ्यांना वाक्य हळू म्हणायला लावा. हळू ऐकून हसू आलं तर अडचण वेगाची, सवयीनं जाईल. तरी नाही आलं तर दुसरा अर्थ तुमच्याकडे नाहीच, तो सरळ विचारून घ्यायचा, त्यात लाज कसली. अन् या कोटीत 'नाही' कुठं बसलाय तेही ऐका: आपण 'जात नाहीये' म्हणायला बहुतेकदा 'जाऊन नाही राहिला' म्हणतो. सासऱ्यांनी 'नाही' शेवटी टाकला, तिथंच त्यांनी शाळेतली मराठी काढली होती.