ऑपरेशनच्या दिवशीच पेपर: परीक्षा विभागाला पत्र कसं लिहावं

«आई आयसीयूत आहे. १२ तारखेला सकाळी ऑपरेशन आहे आणि त्याच वेळी माझा पेपर. बाकीचे पेपर मी देणार आहे. पत्रात काय लिहू? आजाराबद्दल किती सांगायचं?»

बाकीचे पेपर देणार आहात, हे पत्रात आवर्जून लिहा. मागणी एकाच पेपरापुरती आहे हे कळलं की विभागाला निर्णय घेणं बरंच सोपं जातं.

आजाराचं वर्णन एका ओळीत संपवा. निदान, रिपोर्ट, खर्च यांची गरज नसते. तपासणारा माणूस एवढंच पाहतो की त्या दिवशी, त्या वेळी तुम्हीच तिथे का हवेत. नुसतं ‘आई गंभीर आजारी आहे’ म्हटलं तर याचं उत्तर मिळत नाही, आणि असे अर्ज इथेच अडकतात. संमतीपत्रावर सही करायला किंवा सोबत थांबायला दुसरं कोणी नसेल, तर तसं स्पष्ट लिहा.

वर नाव, आसन क्रमांक, अभ्यासक्रम, विषयाचं नाव व कोड टाका. विषयाची ओळ: ‘१२ तारखेचा पेपर नंतरच्या तारखेस देण्याची परवानगी मिळणेबाबत’. मग मजकूर असा:

‘माझी आई ५ तारखेपासून अतिदक्षता विभागात दाखल असून तिची शस्त्रक्रिया १२ तारखेस सकाळी ९ वाजता ठरली आहे. घरात मी एकटीच सज्ञान व्यक्ती असल्याने मला तिथे उपस्थित राहणे आवश्यक आहे. त्यामुळे त्या दिवशीचा सकाळी १० वाजताचा पेपर मी देऊ शकत नाही. उर्वरित पेपर मी वेळापत्रकानुसार देणार आहे. कृपया या पेपरासाठी नंतरची तारीख द्यावी. नियमानुसार ते शक्य नसल्यास पुरवणी परीक्षेस बसू द्यावे व ही गैरहजेरी प्रयत्न म्हणून धरू नये.’

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. एका विद्यार्थ्यासाठी वेगळी प्रश्नपत्रिका काढणं अनेक ठिकाणी नियमातच नसतं. पर्याय लिहिलेला नसेल तर सरळ नकार येतो आणि तुम्हाला पुन्हा अर्ज करावा लागतो.

डॉक्टरांच्या दाखल्यावर दाखल झाल्याची तारीख, शस्त्रक्रियेची तारीख, सही, शिक्का आणि दाखला दिल्याचा दिवस हवा. बिनतारखेचा दाखला हमखास परत येतो. आईचं आडनाव वेगळं असेल तर नातं दाखवणारं ओळखपत्रही जोडा.

पत्र पेपरच्या आधी पोचवा, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. ईमेलने पाठवलंत तर पोच मागा, ती येईपर्यंत फोन करत राहा. उत्तर आलं नाही म्हणून पेपरला जाऊन अर्ध्यावर उठू नका. उत्तरपत्रिका हातात घेतली की बहुतेक ठिकाणी पेपर दिला असंच धरतात, मग हा अर्ज निकामी होतो.

ऑपरेशन पुढे ढकललं गेलं तर त्याच दिवशी नव्या तारखेचा दाखला जोडून, आधीचा आवक क्रमांक देऊन कळवा.