उकिडवं बसलं की गुडघ्यात आत कळ येते, पण घरातलं सगळं काम तर खालीच

प्रश्न: "वय ४७, चोपडा तालुक्यातलं गाव. मोरीत उकिडवं बसून धुणं धुतलं की उजव्या गुडघ्यात खूप आत दुखतं, उठताना तर जीव जातो. डॉक्टर म्हणाले सुरुवातीची झीज आहे, खाली बसू नका. पण धुणं, भांडी, चूल सगळं खाली. मग करायचं काय?"

ताई, "खाली बसू नका" हे मलाही सांगितलं होतं, पाच वर्षांपूर्वी. सांगणाऱ्याच्या घरी वॉशिंग मशीन होतं आणि आमच्या घरी धुण्याचा दगड. पुढे एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला निराळाच प्रश्न विचारला: "किती खाली बसलं की दुखतं?" त्यातून माझी बरीचशी अडचण सुटली, म्हणून तेच सविस्तर लिहिते.

गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेत वरखाली सरकते. गुडघा जितका जास्त मुडपतो तितकी ती त्या हाडावर जोरात दाबली जाते. खुर्चीवर बसताना गुडघा साधारण काटकोनात असतो, उकिडवं बसताना त्याच्या कितीतरी पुढे जातो. आणि तिथून उठताना सगळं वजन मांडीच्या स्नायूने वाटीवरूनच ओढायचं असतं. म्हणून तुम्हाला बसण्यापेक्षा उठणं जड जातंय. झीज थोडी असली तरी हा दाब तिला झोंबतो. एक्स-रेमध्ये फारसं काही दिसलं नाही, म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

आता तुमची उंची शोधा. मी विटांवर शोधली. भिंतीला टेकवून दोन विटा शेजारी शेजारी आडव्या ठेवायच्या, त्यावर तशाच दोन, असे थर रचायचे आणि वर फळी. आमच्याकडची वीट साधारण तीन इंच जाड, म्हणजे सहा थर झाले की अठरा इंच, खुर्चीइतके. जवळ कुणाला तरी उभं करा आणि हाताचा आधार न घेता पाच वेळा सावकाश बसा-उठा. त्रास नाही झाला तर एक थर काढा. मला अठरा आणि पंधरा इंचांवर काही झालं नाही. बारावर तिसऱ्यांदा उठताना वाटीमागे ती ओळखीची कळ आली. म्हणजे माझी उंची पंधरा. तुमची वेगळी येईल, उंच बाईला जास्तच लागते. बाजारात मिळणारं प्लास्टिकचं बुटकं स्टूल आठ-नऊ इंचांचं असतं. मी आधी तेच आणलं होतं आणि "स्टूलने काही होत नाही" म्हणून माळ्यावर टाकलं होतं.

पुढची चूक बहुतेक जणी करतात, मीही केली. सुताराकडून पंधरा इंची स्टूल करून घेतलं आणि टप मात्र जमिनीवरच ठेवला. गुडघा गप्प झाला, पण आठवडाभरात कंबर धरली. माय वं, एक सोडवायला जावं तर दुसरं! बसायची जागा उचलली की काम पण तितकंच उचलायला हवं. टपाची कड बसल्यावर आपल्या गुडघ्याच्या पातळीला आली पाहिजे. माझा टप नऊ इंच उंच, म्हणून त्याखाली विटांचे दोन थर, सहा इंच. पाय फाकवून टप मध्ये घ्यायचा आणि घासायची लाकडी फळी त्यात तिरकी टेकवायची. मोरीत सुट्या विटा ठेवू नका, शेवाळ धरून घसरतात. गवंड्याकडून सिमेंटमध्ये बसवून घ्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे. स्टूलच्या पायांना जुन्या ट्यूबचं रबर ठोका. आणि भरलेली बादली हातात घेऊन उठू नका, उठता उठता वळू तर मुळीच नका. आधी उभं राहायचं, मग पिळे एक-एक करून उचलायचे.

चुलीचंही तेच. गॅस ओट्यावर असेल तर रोजच्या भाकरी उभ्यानेच कराव्यात. पण कळण्याची भाकरी चुलीवरचीच हवी असा घरात हट्ट असतो, आमच्याकडे तर आहेच. तेव्हा चूलच विटामातीच्या दीड फुटी ओट्यावर घेतली आणि काठवट शेजारी चौरंगावर. जाळ वर आला की पदर मात्र नीट खोचून बसायचं. उन्हाळ्यात बिबड्या आम्ही गच्चीवर जमिनीवर घालायचो, आता खाटेवर कापड अंथरून घालतो. भाजी निवडायला खाली बसलात तर पाठ भिंतीला लावून पाय लांब करा. मांडी घालून फार वेळ बसलं तरी हाच गुडघा बोलतो.

संडास देशी असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते. तिचे पाय हलत नाहीत ना ते बघून घ्या आणि भिंतीत एक दांडी बसवा. लाजू नका, दिवसातलं सगळ्यात खोल बसणं तिथलंच असतं. कधी जमिनीवरून उठावंच लागलं तर दोन्ही हात स्टूलवर ठेवा, चांगला गुडघा घडी केलेल्या गोधडीवर टेका, दुखरा पाय पुढे टाका आणि हातांवर भार देऊन उठा. दुखरा गुडघा टेकला की वाटी जमिनीवर दाबली जाते.

हेच स्टूल व्यायामालाही वापरा. कामाची उंची असते तिच्यावरून सकाळ-संध्याकाळ आठ-दहा वेळा बसायचं-उठायचं, बसताना मनात चार मोजत. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्याला काम हलकं वाटतं. करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखणं वाढलेलंच असेल किंवा वाटीच्या बाजूचे खळगे सुजून भरले असतील, तर जास्त झालं समजा आणि दोन दिवस कमी करा. मी तीन महिन्यांनी पंधरावरून बारा इंचांवर आले. पूर्ण उकिडवं मात्र अजून बसवत नाही आणि मी तो नादही सोडलाय. गुडघ्यात नुसतं कटकट वाजत असेल, दुखत नसेल, तर घाबरू नका. "ग्रीस संपलं" म्हणून कुणी काही विकायला आलं तर घेऊ नका. दुखण्याच्या गोळ्या मनाने रोज घेऊ नका, विशेषतः बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर. मलम चालेल का ते डॉक्टरांना विचारा.

एवढ्या गोष्टींसाठी मात्र स्टूल पुरत नाही: गुडघा मध्येच अडकून सरळच होत नाही, चालताना अचानक दगा देतो, तापासोबत लाल-गरम होऊन सुजतो, रात्री झोपेतही ठणकतो, किंवा पोटरी एकदम सुजून दुखू लागते. यातलं काही झालं तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा, पोटरी सुजली किंवा तापासोबत गुडघा लाल-गरम झाला तर त्याच दिवशी. दुखणं पुढे नसून आतल्या बाजूच्या सांध्यावर किंवा गुडघ्यामागे असेल तर तेही त्यांना बोट ठेवून दाखवा, कारण गादी फाटली असली तर उपाय वेगळा असतो.

विटांवर तुमची उंची किती आली आणि तुमचा टप किती इंचांचा आहे ते इथे लिहा. टपाखाली किती थर लागतील ते मी सांगते.