पाठपोट छपाईत डावा समास वाढवूनही अक्षरे छिद्रांत का जातात?

प्रश्न: अहवाल दोन्ही बाजूंनी छापून फाइलला लावायचा आहे. डावा समास ३.५ सेंमी ठेवला आणि उजवा कमी केला, तरी पंच केल्यावर मागच्या पानांवरच्या ओळींची शेवटची अक्षरे छिद्रांत गेली. बांधणीसाठी जागा नक्की किती आणि कोठे सोडायची?

उत्तर:

सोडलेली जागा पुरेशी आहे. ती कागदाच्या एकाच बाजूला बांधणीच्या कडेला येते आणि दुसऱ्या बाजूला मोकळ्या कडेला जाते, एवढाच दोष आहे. कागद उलटला की पुढच्या पानाची डावी कड ही मागच्या पानाची उजवी कड होते. त्यामुळे सम क्रमांकाच्या पानांवर छिद्रे उजव्या समासात पडतात, आणि तो समास तर आपण मजकुराला जागा मिळावी म्हणून कमी केलेला आहे.

आता हिशोब पाहू. दोन छिद्रांच्या पंचासाठी आयएसओ ८३८ हे मानक आहे. त्यानुसार छिद्राचा व्यास ६ मिमी असतो आणि छिद्राचा मध्य कागदाच्या कडेपासून १२ मिमी आत असतो. म्हणजे छिद्राची आतली कड १५ मिमीवर येते आणि मानकाने दिलेली सूट धरली तर ती १६ मिमीपर्यंतही जाऊ शकते. वर्डमधील Narrow या तयार पर्यायाने उजवा समास १२.७ मिमी झाला असेल, तर छिद्र मजकुरात दोन-तीन मिमी शिरणारच, आणि नेहमीच्या आकाराच्या अक्षरांत तेवढ्यात ओळीचे शेवटचे अक्षर जाते. छिद्रे दोनच असल्यामुळे प्रत्येक पानावर मोजक्याच ओळी बिघडतात. म्हणूनच हा दोष पडद्यावर कधीच दिसत नाही आणि अहवाल फाइलला लावल्यावर लक्षात येतो.

यावर उपाय म्हणून वर्डमध्ये Layout > Margins > Custom Margins उघडावे आणि Multiple pages या ठिकाणी Mirror margins निवडावे. असे केल्याबरोबर Left आणि Right यांच्या जागी Inside आणि Outside ही नावे येतात. आतला समास विषम पानावर डावीकडे आणि सम पानावर उजवीकडे, म्हणजे कागदाच्या एकाच कडेला, पडतो. त्यानंतर Inside १.८ सेंमी, Outside १.८ सेंमी आणि Gutter १.२ सेंमी द्यावे, आणि Apply to मध्ये Whole document असल्याची खात्री करावी. अहवालात अनेक विभाग असतील तर तेथे बहुधा This section दिसते आणि बदल एकाच विभागापुरता राहतो. Gutter मधील आकडा समासात मिळवला जातो, त्याची जागा घेत नाही, म्हणून बांधणीच्या कडेला एकूण ३० मिमी जागा राहते आणि छिद्रांनंतरही सुमारे १५ मिमी कोरी पट्टी उरते. ए४ कागदाची रुंदी २१० मिमी. त्यातून ३० आणि १८ वजा केल्यावर मजकुराला १६२ मिमी मिळतात. आपल्या आताच्या मांडणीत ३५ आणि १२.७ वजा जाऊन १६२.३ मिमी उरतात. म्हणजे मजकुराची रुंदी जवळजवळ तीच राहते. एखाद-दुसरी ओळ खाली सरकेल, पण तक्ते नव्याने बसवण्याची वेळ सहसा येणार नाही. अनुक्रमणिका मात्र एकदा अद्ययावत करून घ्यावी.

हाच आकडा Inside मध्ये सरळ ३ सेंमी असा लिहिला तरी कागदावर फरक पडत नाही. तरीही मी बांधणीची जागा वेगळी ठेवतो, कारण उद्या तोच अहवाल वेगळ्या पद्धतीने बांधायचा ठरला तर एकच आकडा बदलावा लागतो, आणि केवळ पडद्यावर वाचण्यासाठी प्रत काढायची असेल तर तो शून्य करून Mirror margins काढून टाकले की पुरते.

किती जागा सोडायची हे बांधणी कशी आहे यावर ठरते. स्पायरलमध्ये छिद्रे कडेच्या जवळ असतात आणि पान पूर्ण उलटते, त्यामुळे तेथे एकूण २५ मिमी सहज पुरतात. गोंदाने किंवा शिवून केलेल्या जाड बांधणीत छिद्रांचा त्रास नसतो, परंतु पान कण्याकडे वळत जाते आणि आतली अक्षरे त्या वळणात दडतात. तेथे ३५ ते ४० मिमी ठेवणे मला योग्य वाटते. अंदाजावर विसंबायचे नसेल तर जेवढी पाने होणार तेवढ्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा करावा, मधोमध एक छापलेले पान घालावे, कडेला मोठ्या क्लिपांनी घट्ट पकडावे आणि मधले पान उघडून पाहावे. मान वाकडी न करता ओळीचे पहिले अक्षर वाचता आले, तर जागा पुरेशी आहे.

छापताना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. उभ्या पानांसाठी कागद लांब कडेवर उलटण्याचा पर्याय, म्हणजे Flip on long edge, निवडलेला असावा. आखूड कडेचा पर्याय निवडला तर मागचा मजकूर उलटा येतो आणि मोठा समासही विरुद्ध कडेला जातो. दुसरी गोष्ट सम-विषम क्रमाची. आतला समास कोणत्या बाजूला द्यायचा हे वर्ड पान क्रमांकावरून ठरवते. प्रत्येक प्रकरणाची वेगळी पीडीएफ करून त्या नंतर जोडल्या, आणि पहिल्या प्रकरणाची पाने विषम संख्येत असली, तर दुसऱ्या प्रकरणाचे पहिले पान कागदाच्या मागच्या बाजूला छापले जाते आणि तेथून पुढे सगळे समास उलटे पडतात. म्हणून अशा प्रकरणाच्या शेवटी एक कोरे पान घालावे. सगळा अहवाल एकाच फाइलमध्ये असेल, तर प्रकरणांच्या मध्ये Odd Page प्रकारचा सेक्शन ब्रेक वापरावा.

आडव्या पानांचा विचार वेगळा करावा लागतो. रुंद तक्ता आडव्या पानावर असेल आणि वाचक अहवाल घड्याळाच्या दिशेने फिरवून तो वाचणार असेल, तर विषम पानावर बांधणीची कड तक्त्याच्या डोक्याकडे येते आणि सम पानावर पायाकडे. त्यामुळे त्या विभागात Gutter शून्य करून वरचा आणि खालचा असे दोन्ही समास ३ सेंमी ठेवणे सर्वांत सोपे जाते. थोडी जागा वाया जाते खरी, पण नंतर पाने पुढेमागे झाली तरी तक्ता सुरक्षित राहतो.

संपूर्ण अहवाल छापण्याआधी पहिली चार पाने, म्हणजे दोन कागद, छापून ते उजेडासमोर धरावेत. दोन्ही बाजूंच्या मजकुराचे चौकोन एकमेकांवर बसलेले दिसले, तर समास बरोबर आहेत. आपल्या आताच्या मांडणीत ते चौकोन एकमेकांपासून सुमारे २२ मिमी सरकलेले दिसतील. त्यानंतर तेच दोन कागद पंच करून पाहावेत, कारण पंचाची कडेची पट्टी सैल असेल किंवा कागद पूर्ण आत सरकवला नसेल, तर छिद्रांचे अंतर मानकाप्रमाणे पडत नाही आणि वरचा हिशोब तेवढ्याने चुकतो.