नाशिकमध्ये मुलांचं पाच दिवसांचं उन्हाळी शिबिर: वेळापत्रक कसं आखावं?

प्रश्न: इंदिरानगरला सोसायटीच्या हॉलमध्ये मे महिन्यात सहा ते दहा वर्षांच्या वीस मुलांचं पाच दिवसांचं शिबिर घ्यायचंय. खेळ, हस्तकला, खाऊ, विश्रांती आणि पालकांनी न्यायला येणं, सगळं कसं बसवू?

उत्तर: वेळ आठ ते साडेअकरा ठेवा. मे महिन्यात पारा चाळिशीपर्यंत जातो, त्यामुळे लगोरी, विषामृत, डबा ऐसपैस हे सगळं नऊच्या आत उरकायचं. खाऊ लगेच नऊला द्या. बरीच मुलं नुसतं दूध पिऊन येतात. दहापर्यंत थांबवलंत तर भुकेपोटी भांडणं सुरू होतात. पोहे, उपमा, मटकीची उसळ, सोबत कोकम सरबत. कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, हे नाव नोंदवतानाच विचारून घ्या.

साडेनऊ ते साडेदहा हस्तकला. रोज नवी वस्तू करायला गेलात तर सगळ्याच अर्धवट राहतात, म्हणून पाच दिवसांत एकच घ्या: कागदाचं भांडं. पहिल्या दिवशी फुग्यावर मैद्याच्या खळीने वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे दोन थर, दुसऱ्या दिवशी आणखी दोन. फुगे सावलीतच टांगा. उन्हात आतली हवा फुगते आणि ओला कागद फाटतो. खळ रोज ताजी करा, नाहीतर आंबते आणि मुंग्याही येतात. तिसऱ्या दिवशी भांड्याला हात लावायचा नाही, कागदावर वारली आकृत्यांचा सराव करायचा. चौथ्या दिवशी भांडं गालाला लावून बघा. गार लागलं तर अजून ओलं आहे. वाळलं असेल तर फुगा फोडून काठ कापायचा आणि गेरू लावायचा. पाचव्या दिवशी पांढरी नक्षी. साडेदहाला काम संपलं की घरी नेईपर्यंत रंग सुकतो.

मग वीस मिनिटं सतरंजीवर आडवं व्हायचं. झोपेची सक्ती नको, कुणीतरी हळू आवाजात गोष्ट वाचावी.

खरी कसरत शेवटच्या अर्ध्या तासाची. पालक एकेक करून येतात, म्हणून तेव्हा गट पाडून खेळ ठेवू नका. दोघं उठून गेले की डाव मोडतो आणि उरलेली मुलं फाटकाकडे पळतात. नाव-गाव-फळ-फूल ठेवा, कुणीही मधूनच उठलं तरी चालतं. एक ताई हॉलच्या दारात यादी घेऊन, दुसरी मुलांजवळ. दारातून नाव पुकारल्यावरच मूल उठेल, चप्पल-बाटली घेईल आणि ताई यादीवर खूण करेल. प्रत्येक मुलासाठी न्यायला येणाऱ्या दोघांची नावं आधीच लिहून घ्या. 'आज मामा येईल' असा निरोप मुलाकडून आला तर तो धरायचा नाही, नोंदवलेल्या नंबरवर आपण फोन करायचा. सोसायटीत सगळे ओळखीचे असतात, म्हणून इथेच ढिलाई होते. उशिरा येणाऱ्यांसाठी एका ताईला बारापर्यंत थांबायला सांगून ठेवा.