पोथीच्या शेवटी लिहिलेला शक आणि कागदाचं वय

प्रश्न: घरातल्या हस्तलिखित पोथीच्या शेवटी शके १६९५ लिहिलंय, ती खरंच एवढी जुनी असेल का? शाई, अक्षर, कागद, बांधणी बघून काही कळतं का? की ताडपत्रावर असेल तरच जुनी समजायची?

उत्तर:

शके १६९५ म्हणजे इसवी सन १७७३, पण ते साल तुमच्या हातातल्या कागदाचं आहे की ज्या पोथीवरून ही नक्कल केली तिचं, हे आधी ठरवायला लागतं. लेखक लोक समोरची पोथी उतरवताना शेवटची ओळसुद्धा जशीच्या तशी उतरवायचे, त्यात शक, संवत्सर, तिथी, वार सगळं आलं. पोथीच्या शेवटी 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया' असं असेल तर त्याचा अर्थच हा, की जसं दिसलं तसं लिहिलं, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नका. म्हणून शेवटची ओळ हा पुरावा धरायचा, पण निकाल नाही.

माझं काम हस्तलिखितांच्या याद्या करायचं आहे आणि अगदी हाच शक असलेली एक पोथी माझ्या हातून गेलीय, म्हणून तिच्यावरूनच सांगतो.

शेवटी 'शके १६९५ विजयनाम संवत्सरे' असं होतं. पहिलं काम म्हणजे शक आणि संवत्सर जुळतात का बघणं, याला कागद-पेन पुरतं. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी जेवढी उरेल तेवढ्या नंबरचा संवत्सर, प्रभवपासून मोजायचं (बाकी शून्य आली तर साठावा, क्षय). १६९५ अधिक १२ म्हणजे १७०७, त्यातून साठाच्या पटीतले १६८० गेले, उरले २७, आणि सत्ताविसावा संवत्सर विजयच आहे. पद्धत बरोबर आहे का हे तपासायचं असेल तर शिवराज्याभिषेकाचा शक १५९६ घालून बघा, बाकी ४८ येते आणि अठ्ठेचाळीसावा आनंद, तोच सगळीकडे लिहिलेला असतो. फक्त हे आपल्याकडच्या, म्हणजे दक्षिणेतल्या गणनेला लागू आहे, उत्तरेकडे लिहिलेल्या पोथीत संवत्सराचं नाव वेगळं निघतं. तिथी आणि वार दोन्ही दिलेले असतील तर ते जंत्रीत ताडून बघायचे.

सगळं जुळलं तर काय सिद्ध झालं? एवढंच की ती ओळ मुळात लिहिणाऱ्याला त्या वर्षाचं पंचांग माहीत होतं, म्हणजे मागाहून कोणी अंदाजे साल ठोकून दिलेलं नाही. पण ती ओळ मूळची की उतरवलेली, हे त्यावरून कळत नाही, ते कागद सांगतो.

कागद बघायला एक एक पान उजेडासमोर धरा. मोबाइलची स्क्रीन पूर्ण पांढरी करून तिच्यावर पान हलकेच ठेवलं तरी चालतं. आपल्याकडचा हातकागद गवताच्या काड्या विणलेल्या चटईवर उचलला जायचा, त्यामुळे आरपार बघताना बारीक, जवळजवळ, थोड्या वाकड्या रेघा दिसतात, जाडी सगळीकडे सारखी नसते, ढगाळ दिसतं आणि मधेच न कुटलेला धागा किंवा चिंधीचा तुकडा असतो. वरून खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटलेला असल्यामुळे तिरप्या उजेडात चमक दिसते. युरोपात हाताने केलेल्या जुन्या कागदात तारेच्या रेघा अगदी सरळ असतात आणि त्यांना छेदणाऱ्या लांब रेघा साधारण इंच-इंच अंतरावर ठरल्यासारख्या येतात. आणि अजिबात रेघा नाहीत, जाडी एकसारखी, असा कागद असेल तर सावध व्हा, कारण बिनरेघी कागद युरोपातच १७५० च्या दशकात निघाला आणि मशीनवर कागद बनायला लागला तो एकोणिसाव्या शतकात.

आमच्या त्या पोथीची बरीचशी पानं रेघा नसलेल्या कागदाची होती, तिथेच शंका आली. मग जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच तावात उमटवलेली आणि आरपार उजेडात दिसणारी खूण, शोधायला घेतलं. हे शोधताना एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, पोथीसाठी मोठा ताव आडवा फाडून लांबट पानं करायचे, त्यामुळे तावावरचं चिन्ह दोन-तीन पानांत कापलं जातं आणि ती पानं पोथीत शेजारी असतीलच असं नाही. एका पानाच्या वरच्या कडेला इंग्रजी अक्षरांचे नुसते पाय दिसत होते, आणि बरीच पानं पुढे गेल्यावर दुसऱ्या एका पानाच्या खालच्या कडेला त्याच अक्षरांचा वरचा भाग मिळाला. दोन्ही कडा एकमेकींना लावल्या तर नाव पूर्ण झालं. साल आणखी एका पानावर होतं, १८४२. इंग्लंडमध्ये १७९४ च्या कायद्यामुळे परदेशी पाठवायच्या कागदावरच्या करात सवलत मिळवायला तावात साल घालावं लागत होतं, तेव्हापासून असे सालवाले कागद खूप सापडतात. तर १८४२ चा कागद १७७३ मध्ये लिहायला मिळणं शक्यच नाही, म्हणजे पोथी १८४२ नंतरची आणि शक जुन्या पोथीवरून आलेला. इथे 'नंतरची' हा शब्द महत्त्वाचा आहे. कागद जहाजाने यायचा, दुकानात पडून राहायचा, घरात साठवून ठेवलेला असायचा, त्यामुळे १८४२ हे लिहिण्याचं वर्ष होत नाही, ती फक्त खालची मर्यादा आहे.

एवढ्यावर घाई करायची नाही, कारण जीर्ण पोथीची फाटलेली पानं कोणीतरी नंतर नव्या कागदावर लिहून घातलेली असू शकतात. ज्या पानांवर चिन्ह आहे त्यांचं अक्षर, ओळींची संख्या, समासाच्या लाल रेघा आणि पानांचे आकडे बाकीच्या पानांसारखेच आहेत का हे बघा. आमच्याकडे पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच हात होता, म्हणून हिशोब सरळ झाला.

आता शाई. लोक सगळ्यात आधी शाईकडे बघतात आणि तीच सगळ्यात कमी सांगते. काजळी आणि डिंकाची शाई शतकानुशतकं त्याच पद्धतीने बनत आली, ती फिकी पडत नाही, त्यामुळे तीनशे वर्षांपूर्वीचं अक्षरही काळंभोर दिसतं. 'शाई ताजी वाटते म्हणून पोथी नवीन' किंवा 'तपकिरी झालीय म्हणजे फार जुनी' असं काही नसतं. तपकिरी शाई बहुतेक वेळा लोखंडाच्या क्षारांची असते, ती मुळातच रंग बदलते आणि कागदाला खाते, अक्षराच्या जागी कागद ठिसूळ होऊन चिरा पडतात. शाईचा उपयोग उलट बाजूने होतो, जांभळी किंवा गुलाबी भडक शाई दिसली तर ती कृत्रिम रंगाची असायची दाट शक्यता, आणि तसा पहिला रंग १८५६ मध्ये सापडला.

शाईपेक्षा लेखणी जास्त बोलते. बोरूने लिहिलेल्या रेघेची जाडी हाताच्या कोनावर ठरते, म्हणजे एका दिशेची रेघ नेहमी जाड आणि दुसऱ्या दिशेची नेहमी बारीक. लोखंडी टाकाची रेघ दाबावर फुगते, आणि भिंगाखाली बघितलं तर जिथे जोर दिलाय तिथे रेघेच्या दोन्ही कडांना टोकाचे दोन बारीक ओरखडे दिसतात, मध्ये शाई जरा फिकी. स्टीलची निबं मोठ्या प्रमाणावर १८२० नंतरच्या काळात बनायला लागली. आमच्या पोथीत मूळ मजकूर बोरूचा होता, पण समासातल्या टिपा टाकाच्या निघाल्या, म्हणजे त्या वेगळ्या लेखणीने घातलेल्या.

अक्षराच्या वळणावरून काळ सांगता येतो पण अंदाज पन्नास-शंभर वर्षांचा धरा, कारण म्हातारा लेखक तरुणपणी शिकलेलंच वळण शेवटपर्यंत लिहितो आणि पोथीचं अक्षर मुद्दाम जुन्या धाटणीचं ठेवतात. देवनागरीत पडीमात्रा बघा, म्हणजे मात्रा डोक्यावर न देता अक्षराच्या आधी उभी रेघ. ती सगळीकडे नियमाने असेल तर पोथी बरीच जुनी असू शकते, सतराव्या शतकानंतर ती दुर्मिळ होत जाते. याचीच गमतीची उलट बाजू म्हणजे नक्कल करणाऱ्याला पडीमात्रा कळली नाही की तो ती रेघ मागच्या अक्षराचा काना समजतो, 'न देव' चं 'ना दव' होतं. अशा चुका वारंवार दिसल्या तर मजकुराची कुठली तरी जुनी पोथी पडीमात्रेची होती एवढं कळतं, तुमच्या पोथीचं वय त्यावरून वाढत नाही. मोडीचं असेल तर शिवकालीन, पेशवेकालीन, आंग्लकालीन वळणं ओळखणाऱ्या माणसालाच दाखवा.

बांधणीवर फार विसंबू नका, लाकडी फळ्या, रुमाल, शिवण या बदलता येणाऱ्या गोष्टी आहेत. पानाच्या मधोमध मुद्दाम सोडलेली चौकोनी कोरी जागा मात्र बघण्यासारखी असते. ताडपत्राला दोरी ओवायला भोक लागायचं, त्याची सवय कागदावरही राहिली, सुरुवातीच्या कागदी पोथ्यांत ती जागा ठळक असते आणि पुढे नुसती नक्षी उरते किंवा गायब होते. आणि ताडपत्र म्हणजे आपोआप जुनं, हे खरं नाही. दक्षिणेत आणि ओडिशात एकोणिसाव्या शतकातही ताडपत्रावर लिहीत होते, शिवाय दमट हवेत जुनी पानं टिकत नाहीत म्हणून परत परत नकला व्हायच्या, तिथे शेवटच्या ओळीचा हाच घोटाळा आणखी जास्त होतो.

कोणी मुद्दाम जुनी केलीय का असा संशय असेल तर कसरीची भोकं बघा. अक्षर आधी आणि किडा नंतर असेल तर भोकाने अक्षर साफ कापलेलं असतं. शाई भोकाच्या कडेवरून आत उतरलीय किंवा मजकूर भोकाला वळसा घालून गेलाय, तर जुन्या कागदावर नंतर लिहिलंय.

कार्बन डेटिंगचा विचार डोक्यात असेल तर तुमच्या पोथीसाठी तो सोडून द्या. साधारण १६५० नंतरच्या वस्तूंना त्यात इतकी लांबरुंद मर्यादा येते की १७७३ आणि १८४२ वेगळे करता येत नाहीत, वर पानाचा तुकडा जातो तो वेगळा.

तुम्ही एवढं करा, शेवटच्या पानाचा सरळ फोटो, कुठल्याही पाच-सहा पानांचे आरपार उजेडातले फोटो आणि एक तिरप्या उजेडातला, असे टाका. शाई ओल्या बोटाने चोळून बघू नका, काजळीची शाई पाण्याने लगेच निघते, आणि पानांना सेलोटेप लावू नका.