कळा जाणवत नसतील तेव्हा

ताई, तुमची मज्जारज्जूची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर आहे, म्हणून प्रसूतीचं ठिकाण सातव्या महिन्यातच ठरवा. सातारा असो वा मिरज, भूलतज्ज्ञ चोवीस तास हवेत. कळा कदाचित जाणवणार नाहीत. २८ व्या आठवड्यापासून रोज हात ठेवून पोट कडक होतंय का पाहा.

डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला आणि तुमचा नेहमीचा वरचा रक्तदाब १०० वरून १३० वर गेला, तर उठून बसा, लघवीची नळी दुमडली का बघा आणि लगेच रुग्णालय गाठा. १३० इतरांना साधा वाटतो, म्हणूनच तो नजरेतून सुटतो. कळांमुळे उसळलेला असा दाब बहुधा कळ ओसरताच उतरतो, गरोदरपणात एरवी वाढणारा दाब तसा उतरत नाही. असा दाब उसळू नये म्हणून कळा सुरू होताच एपिड्युरल, म्हणजे पाठीतून भूल, द्यायचं, हे भूलतज्ज्ञांशी आधीच बोलून केसपेपरवर लिहून घ्या.